पंच्याण्णव टक्के कशाचे?

गारगोटीजवळच्या एका भातशेतीतून आपण १०० लोंब्या सोडतीने निवडल्या असे समजू. दर लोंबीतील दाण्यांची सरासरी १२० आणि प्रमाण विचलन ३० आले. विचलनाला १०० च्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी ३ मिळते. त्यावरून ९५ टक्के विश्वास्यता अंतराल १२० ± १.९६ × ३, म्हणजे सुमारे ११४ ते १२६. इथवर विद्यार्थी चुकत नाहीत. गडबड होते ती 'अर्थ लिहा' या ओळीपाशी.

काहीजण लिहितात, "९५ टक्के लोंब्यांत ११४ ते १२६ दाणे आहेत." हे उघड चूक आहे. विचलनच ३० असताना इतक्या अरुंद पट्ट्यात शंभरातल्या साधारण १५ लोंब्याच बसतील. अंतराल सरासरीविषयी बोलते, एकेका लोंबीविषयी नाही.

दुसरे उत्तर अधिक फसवे असते: "शेताची खरी सरासरी ११४ ते १२६ मध्ये असण्याची संभाव्यता ९५ टक्के आहे." पुष्कळदा आपण शिक्षकही यावर बरोबरची खूण करतो. पण शेताची सरासरी ही एक ठरलेली संख्या आहे. आपल्याला माहीत नाही इतकेच. ती हलत नाही. हलते ते अंतराल, कारण नमुना बदलला की अंतरालही बदलते.

हे वर्गात दाखवता येते. एका मडक्यात संख्या लिहिलेल्या १००० चिठ्ठ्या टाकाव्यात. त्यांची सरासरी १२० आणि विचलन ३० हे शिक्षकांना आधीच ठाऊक असावे. चाळीस मुलांनी प्रत्येकी २५ चिठ्ठ्या, दरवेळी परत टाकून, काढाव्यात आणि आपल्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना ११.७६ घेऊन अंतराल फळ्यावर आखावे. सुमारे ३८ रेघांत १२० सापडेल, दोनेक रेघा हुकतील. कधी एखादी कमी, कधी जास्त. हुकलेल्या रेघेत १२० असण्याची संभाव्यता ९५ टक्के, असे आता कोण म्हणेल? पंच्याण्णव टक्के हा रीतीचा गुण आहे, एका रेघेचा नव्हे.

नेमान यांनी १९३७ साली हा विचार मांडला तो याच अर्थाने. सरासरीलाच संभाव्यता लावण्याची दुसरी परंपरा आहे. कोल्हापुरात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ वि. शं. हुजूरबाजार ज्यांच्याकडे केंब्रिजला शिकले, ते जेफ्रिज त्या परंपरेतले. पण तिथे नमुना पाहण्यापूर्वीची आपली कल्पनाही गणितात घालावी लागते. ती न घालता तिचा निष्कर्ष तेवढा उचलता येत नाही.

आणखी एक मर्यादा. लोंब्या बांधाकडेच्याच तोडल्या असतील, तर ९५ हा आकडा निरर्थक ठरतो. सूत्राला ते कळत नाही.

म्हणून पूर्ण गुण द्यावेत ते अशा उत्तराला: "याच रीतीने पुन्हापुन्हा नमुने घेतले, तर सुमारे ९५ टक्के अंतरालांत खरी सरासरी असेल, ११४ ते १२६ हे त्यांपैकी एक."