कंपनी जन्मायच्या आधीची सही: प्रवर्तक जबाबदार का? एका उत्तराची चिकित्सा

कंपनी कायद्याच्या पेपरला हा प्रश्न फिरून फिरून येतो. आपण तो गोंदियात आणून ठेवू. म्हणजे धान, राइस मिल आणि उधारी हे सगळं ओळखीचं होईल.

समजा, 'अ' ला भातगिरणीची कंपनी काढायची आहे. 10 मार्चला तो 'ब' कडून 18 लाखांची यंत्रं घेतो आणि करारावर लिहितो, "प्रस्तावित कंपनीतर्फे, अ". 25 एप्रिलला कंपनीची नोंदणी होते. यंत्रं बसतात, हंगाम सुरू होतो. संचालक मंडळ 'कराराचं अनुसमर्थन करत आहोत' असा ठराव करतं, पण 'ब' ला काहीच कळवत नाही. वर्षभरात कंपनी बुडते, पैसे राहून जातात. 'ब' आता 'अ' वर दावा लावतो. 'अ' जबाबदार आहे का?

बहुतेक उत्तरं अशी असतात: "केल्नर विरुद्ध बॅक्स्टर, 1866. प्रवर्तक नेहमी वैयक्तिक जबाबदार." निष्कर्ष या उदाहरणापुरता बरोबर येतो, पण 'नेहमी' हा शब्द चुकीचा आहे आणि कारण तर लिहिलेलंच नसतं. मार्क तिथेच जातात.

आधी त्या खटल्यात काय झालं ते बघू. बॅक्स्टर आणि त्यांच्या सोबत्यांनी ग्रेव्हसेंडच्या एका होऊ घातलेल्या हॉटेल कंपनीतर्फे वाइन घेतली. कंपनी नंतर झाली, वाइन संपली, पण पैसे द्यायच्या आधीच कंपनी कोसळली. बचाव असा होता की आम्ही कंपनीसाठी सही केली आणि कंपनीने ती मान्यही केली. न्यायालय म्हणालं की सही झाली त्या दिवशी कंपनीच नव्हती. जो अस्तित्वात नाही त्याचा एजंट होता येत नाही, आणि जो तेव्हा नव्हता त्याला मागाहून अनुसमर्थनही करता येत नाही. मग कराराला कोणीतरी बांधील हवं, आणि समोर सही करणारेच होते.

आता भारतीय उत्तर. करार अधिनियम, 1872 चं कलम 230 म्हणतं की एजंट सहसा वैयक्तिक बांधील नसतो. पण मालकाचं नाव सांगितलं असूनही त्याच्यावर दावा लावता येत नसेल, तर एजंट स्वतः बांधील आहे असं गृहीत धरलं जातं. 10 मार्चला कंपनीवर दावा लावणं शक्यच नव्हतं. म्हणून भार 'अ' वर येतो. पण हे फक्त गृहीतक आहे. करारातच 'प्रवर्तकावर वैयक्तिक जबाबदारी नाही' असं स्पष्ट लिहिलं असतं, तर ते खोडलं गेलं असतं. म्हणून 'नेहमी' लिहू नका.

सहीची भाषाही बघायची. 1954 च्या न्यूबोर्न विरुद्ध सेन्सॉलिडमध्ये डबाबंद हॅमच्या करारावर कंपनीचंच नाव छापलेलं होतं आणि न्यूबोर्नची सही फक्त त्या नावाची साक्ष म्हणून होती. न्यायालयाने धरलं की तो करार कंपनीचाच होता, आणि कंपनी नव्हती म्हणून करारच नव्हता. न्यूबोर्नला स्वतःच्या नावाने तो चालवता आला नाही. आपल्या 'अ' ने मात्र 'तर्फे' लिहून स्वतः सही केली आहे, म्हणून तो केल्नरच्या बाजूला बसतो.

आता ठरावाचं काय? इथे सगळ्यात जास्त गडबड होते. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 चं कलम 15(ज) कंपनीला, आणि कलम 19(ङ) कंपनीविरुद्ध, अशा कराराच्या अंमलबजावणीची वाट देतं. त्यासाठी करार कंपनीच्या हेतूसाठी झालेला आणि तिच्या स्थापनेच्या अटींत बसणारा हवा, कंपनीने तो स्वीकारलेला हवा, आणि तो स्वीकार समोरच्याला कळवलेला हवा. आपल्या उदाहरणात शेवटची अट तुटते. ठराव मिनिट बुकमध्येच राहिला, म्हणून या कलमांचा आधार लागत नाही.

आणि समजा कळवलं असतं, तरी 'अ' सुटला असता का? बरीच उत्तरं इथे 'हो' लिहितात. पण ही कलमं कंपनीला आत आणतात, प्रवर्तकाला बाहेर काढत नाहीत. तो सुटायचा तर 'ब', 'अ' आणि कंपनी यांच्या सहमतीने जुन्याच्या जागी नवा करार व्हायला हवा, म्हणजे करार अधिनियमाचं कलम 62. नुसता ठराव म्हणजे नवा करार नाही.

त्यामुळे उत्तर असं: 'अ' 18 लाखांसाठी वैयक्तिक जबाबदार, कारण कलम 230 चं गृहीतक उभं आहे, ते खोडणारं कलम करारात नाही आणि नवा करारही झालेला नाही.

संशोधनासाठी वाचणाऱ्यांनी एक फट टिपून ठेवावी. इंग्लंडने 1972 पासून कायद्यातच सांगितलं की वेगळा करार नसेल तर सही करणाराच बांधील. आज ते 2006 च्या कंपनी कायद्याच्या कलम 51 मध्ये आहे. आपल्या 2013 च्या कंपनी कायद्यात अशी तरतूद नाही. म्हणून आपल्याला हे उत्तर दोन वेगळ्या कायद्यांतून जोडत आणावं लागतं, आणि सांधा नेमका कुठे आहे ते दाखवणं हेच या प्रश्नाचं खरं उत्तर आहे.