विचाराचे खंडन आणि विचारापासून अंतर

कि. मो. फडके यांनी मराठीत रुजविलेली एलिसप्रणीत विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती अविवेकी समजुतीचे खंडन करते. हेझप्रणीत स्वीकार-प्रतिबद्धता पद्धती तिच्याशी वादच मांडीत नाही. समजा, बिरसीच्या धावपट्टीवर विमान उतरविणाऱ्या शिकाऊ वैमानिकाला वाटले, 'चुकलो तर मी नालायक.' एका चुकीने सारा माणूस नालायक कसा ठरतो, हा एलिसपक्षाचा प्रश्न बिनतोड आहे. पण त्या क्षणी तो सोडवू गेल्यास लक्ष विचारातच गुंतते. 'मी नालायक, असा विचार आला आहे' एवढे म्हटल्याने विचार उरतो, त्याची पकड सैल होते आणि लक्ष वेग व उंचीकडे वळते. हीच मानसिक लवचिकता. मात्र विचार घालविण्यासाठी तेच वाक्य घोकले, तर ती टाळाटाळच होय. खंडनाची जागा उड्डाणानंतर आहे.