कंदिलाचे शेपूट

यंत्राने रंगवलेल्या चित्रात माणसाचा हात नसतो, असा एक आक्षेप हल्ली वारंवार ऐकू येतो. तो कितपत खरा, हे पाहण्याची संधी मला घरच्याच एका छायाचित्राने दिली.

आमच्या ओटीचे १९६४ सालच्या दिवाळीतले हे कृष्णधवल छायाचित्र. त्यातला आकाशकंदील ओलीने खाल्ला होता. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेबल डिफ्यूजन’ला मी नुसत्या शब्दांत कंदील मागितला, तेव्हा त्याने परदेशी थाटाचा एक गोल दिवा टांगला. दिवा देखणा होता, पण आमचा नव्हता. आमचा पाच टोकांचा. त्याचे शेपूट डावीकडे कललेले.

मग `Inpaint sketch` हा मार्ग धरला. येथे छायाचित्रावर आपण रंगाचा हात फिरवतो. जेवढा भाग रंगवावा तेवढाच यंत्र बदलते, आणि तो रंगच त्याचा आरंभबिंदू होतो. मी आधी बारीक रेघांनी चांदणी काढली. ती साफ नाहीशी झाली. कारण सरळ आहे. यंत्र आरंभी चित्रावर कणांचा धुरळा उडवते आणि मग तो टप्प्याटप्प्याने निवळवते. धुरळ्यात रेघ आधी बुडते. रंगाचा ठसठशीत डाग तगून राहतो. म्हणून मी करड्या छटांचे भरीव ठोकळे मांडले आणि मध्ये पांढरा उजेड ठेवला.

धुरळा किती, हे `Denoising strength` ठरवते. ०.३५ वर माझे फराटे खडूने सारवल्यासारखे तसेच राहिले. ०.९ वर तो गोल दिवा पुन्हा अवतरला. ०.६ च्या आसपास मात्र कागदाची घडी दिसू लागली, पाच टोके आली आणि शेपूटही डावीकडेच कलले. त्याच्या पट्ट्या मी पाच काढल्या होत्या, आल्या चार.

तरीही कंदील चिकटवल्यासारखा दिसे. तो उजळला होता, पण मागची भिंत काळोखीच होती. भिंत मी रंगवलीच नव्हती, मग यंत्र तिला हात कसा लावणार? कंदिलाभोवती फिक्या करड्याचे वलय रंगवून पुन्हा चालवल्यावर भिंतीवर उजेड पडला.

तेव्हा आक्षेपाला माझे उत्तर असे: हात असतो, पण तो आकार, जागा आणि उजेड एवढेच सांगू शकतो. पट्ट्यांचा हिशेब यंत्र आपल्या मनाने करते. कलेच्या दृष्टीने हा सौदा मला मान्य आहे. आठवणीच्या दृष्टीने नाही. चार पट्ट्यांचा तो कंदील आमच्या ओटीवर कधीच लागला नव्हता, आणि नातवंडे मात्र तोच खरा मानतील. म्हणून नव्या प्रतीच्या पाठीवर मी शाईने लिहून ठेवले आहे: ‘कंदील मागाहून काढलेला. शेपटाचा कल खरा.’