‘करतो’ की ‘करते’: एका अर्जाचं वाचन

अर्ज, नोटीस, दाखला असली कागदपत्रं संशोधनासाठी वाचताना आपण बहुतेक वेळा मजकूर काय सांगतो तेवढंच बघतो. पण तो कागद कोणाकोणाच्या हातातून जाणार आहे, हेही मजकुराइतकंच महत्त्वाचं असतं. आज हे एका अर्जावर करून बघू. अर्ज अभ्यासासाठी मीच रचला आहे. सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याच्या लेखा विभागातली पारलिंगी स्त्री कर्मचारी नाव, संबोधन आणि नोंदी बदलून मागते आहे, आणि हे गाजावाजा न करता व्हावं असं तिचं म्हणणं आहे. पहिला मसुदा असा:

‘विषय : लिंगबदलामुळे नाव बदलणेबाबत. महोदय, मी आपल्या कंपनीत सहा वर्षे काम करतो. आता मी स्त्री म्हणून राहते. तरी माझे नाव सर्व ठिकाणी बदलावे आणि ही बाब गुप्त ठेवावी. प्रत : विभागप्रमुख, वेतन विभाग, सुरक्षा विभाग.’

आधी विषयाची ओळ बघा. ऑफिसात अर्ज आला की आवक नोंदवहीत तारीख, पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय लिहिला जातो. म्हणजे साहेबांनी पाकीट उघडायच्या आधीच लिपिकाला आणि शिपायाला सगळं कळलेलं असतं. खाली ‘गुप्त ठेवावी’ असं लिहिलंय खरं, पण वरच्या ओळीने ते आधीच फोडलंय. ‘वैयक्तिक नोंदींत दुरुस्ती’ एवढा विषय आणि बंद पाकिटावर ‘गोपनीय’ हा शब्द, इतकं पुरलं असतं. प्रतींची यादीही तशीच. प्रत्येक प्रत म्हणजे आणखी एक माणूस. सुरक्षा विभागाला फक्त नवं ओळखपत्र चालेल एवढंच कळायला हवं, कारण नव्हे.

आता क्रियापदं. इंग्रजीत अर्ज लिहिणाऱ्याला ‘मी’ पुरतो. मराठीत ‘मी करतो’ किंवा ‘मी करते’ असं लिंग सांगूनच पुढे जावं लागतं. या मसुद्यात आधी ‘करतो’ आणि लगेच ‘राहते’ आलंय. वाचणारा याला व्याकरणाची चूक तरी समजतो, नाहीतर तिथेच अडकतो. मजा म्हणजे कचेरीच्या मराठीतच यावर वाट आहे. ‘सहा वर्षे लेखा विभागात कामाला आहे’, ‘नोंद व्हावी ही विनंती’ अशा वाक्यांत लिंग दिसतच नाही. पण मला वाटतं, पूर्ण अर्ज असा लिहिणंही बरोबर नाही. मग मागणीच धूसर होते. मधला भाग लिंगनिरपेक्ष ठेवून शेवटी एकदा ठाम लिहावं: ‘यापुढे पत्रव्यवहारात श्रीमती असे लिहावे. आपली विश्वासू.’ इथे ‘आपली’ हा नुसता शिष्टाचार उरत नाही, तोच दावा होतो.

तिसरी अडचण ‘सर्व ठिकाणी’ या शब्दांची आहे. हजेरीपट, ईमेल, टेबलावरची पाटी हे कंपनीच्या हातातलं आहे, ते लगेच बदलता येतं. भविष्य निर्वाह निधीची नोंद मात्र आधारशी जुळावी लागते. आधारवर जुनं नाव असताना निधीच्या नोंदीत नवं टाकलं, तर पुढे पैसे काढताना दावा अडकू शकतो. म्हणून अर्जात दोन याद्या हव्यात: आजच बदलायचं काय, आणि आधार-पॅन बदलल्यावर बदलायचं काय. ‘गुप्त ठेवावी’ हेही असंच मोघम आहे. जुनं नाव असलेली कागदपत्रं कोणत्या एका माणसाकडे राहतील आणि सहकाऱ्यांना कधी, कोण सांगेल, हे लिहिल्याशिवाय ती फक्त इच्छा राहते. 2019 च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने नोकरीतल्या भेदभावाला मनाई केली, आणि 2020 च्या नियमांनी आस्थापनेच्या समान संधी धोरणात लिंगओळखीची गोपनीयता धरली. अर्जात याचा एका ओळीत उल्लेख केला तर विनंतीला आधार मिळतो.

अर्ज वरवर चढत गेला की काय होतं, हे बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांच्या प्रकरणात दिसलं. त्यांचा अर्ज नाव बदलण्याचा नव्हता, लिंगनिर्धारण शस्त्रक्रियेसाठी रजा मिळावी असा होता. रजा नाकारली गेली आणि नोव्हेंबर 2017 मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. 2018 मध्ये शासनाची परवानगी आली आणि मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. तोपर्यंत एका कर्मचाऱ्याची रजा राज्यभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली होती. आपला हक्क मिळवण्याची किंमत म्हणून त्यांचा खाजगीपणा गेला.

म्हणून असा कागद अभ्यासायला घेतलात तर शब्दांच्या शेजारी एक यादी करा: तो कोणी कोणी वाचला, आणि कोणत्या ओळीमुळे त्यांच्यापर्यंत गेला. मूळ अर्ज मिळाला तर जुनं नाव तुमच्या टिपणातही उतरवू नका. नाहीतर प्रतींच्या यादीत आणखी एक नाव वाढतं, तुमचं.