संकल कसोटी आणि श्रेणीचे शेपूट

नागपुरात बी.एस्सी.च्या वर्गांसाठी वापरली जाणारी काही पाठ्यपुस्तके आम्ही चाळली. अनंत श्रेणींच्या प्रकरणात संकल कसोटी आहे, सिद्धताही चोख आहे. पण उत्तर ‘अभिसारी’ किंवा ‘अपसारी’ असे लिहून झाले की उदाहरण संपते. आमची तक्रार नेमकी येथे आहे. कसोटीच्या सिद्धतेत याहून मौल्यवान माहिती असते आणि ती तशीच टाकून दिली जाते.

Σ 1/n² ही श्रेणी घेऊ. 1/x² चा १ पासून अनंतापर्यंतचा संकल १ येतो, म्हणून श्रेणी अभिसारी. काही विद्यार्थी बेरीजही १ च लिहितात. पहिले पदच १ आहे हे त्यांच्या ध्यानात येत नाही. जरा चतुर विद्यार्थी कॅल्क्युलेटर घेतो आणि पद एक सहस्रांशाहून लहान होताच थांबतो. ते ३२ वे पद. बेरीज तीन दशांश स्थळांपर्यंत बरोबर आली, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात राहिलेले शेपूट ०.०३ हून मोठे असते, म्हणजे शेवटच्या पदाच्या तीसपट! पद लहान झाले म्हणजे शेपूट लहान झाले असे नव्हे.

शेपटाचे माप सिद्धतेतल्या आयतांतच आहे. फलन धन आणि घटते असल्याने n व्या पदाइतक्या उंचीचा, १ रुंदीचा आयत डावीकडे ठेवला तर वक्राखाली मावतो, उजवीकडे ठेवला तर वक्राला झाकतो. म्हणून N पदांनंतरचे शेपूट N पासूनच्या संकलाहून लहान आणि N+1 पासूनच्या संकलाहून मोठे असते. आपल्या श्रेणीसाठी या मर्यादा 1/N आणि 1/(N+1).

आता पहिली फक्त दहा पदे मिळवू. बेरीज १.५४९७६८ येते. शेपूट १/११ आणि १/१० यांच्यामध्ये आहे. म्हणून खरी बेरीज १.६४०६७७ आणि १.६४९७६८ यांच्या दरम्यान. मध्य घेतला तर १.६४५२२२. ऑयलरने १७३०च्या दशकात शोधलेले खरे मूल्य π²/6, म्हणजे १.६४४९३४. चूक ०.०००३ हूनही कमी. नुसती पदे मिळवत गेलो असतो तर एवढ्या अचूकतेसाठी सुमारे साडेतीन हजार पदे लागली असती. हे गणित फळ्यावर दहा मिनिटांत होते. पुस्तकांनी ते का गाळावे, आम्हाला कळत नाही.

उलट बाजूही दाखवावी. n = 2 पासूनची Σ 1/(n(ln n)²) ही श्रेणीही अभिसारीच. तिचे शेपूट मात्र सुमारे 1/ln N. ते एक शतांशावर आणायचे तर N ही e¹⁰⁰ एवढी, म्हणजे ४४ अंकी संख्या हवी. पुस्तकात दोन्ही श्रेणींपुढे ‘अभिसारी’ हा एकच शब्द छापलेला असतो.