डोळा, मान आणि दागिना: जावामधील वायांगची ओळखभाषा

महाभारताच्या पात्रांची ओळख आपल्याला गोष्टीतून होते. जावा बेटावर ती कातड्याच्या सावलीतून होते. तिथल्या वायांग कुलित या छायाबाहुल्यांच्या खेळात पडद्यावर बाहुली आली, की ती बोलायच्या आत रसिकाला कळतं, हा अर्जुन, हा दुःशासन. एका पेटीत सुमारे 200 बाहुल्या असतात, सगळ्यांचे चेहरे एका बाजूनेच दाखवलेले आणि अंगावरची वस्त्रंही बरीचशी सारखी. तरीही गोंधळ होत नाही, कारण ओळखण्याची एक ठरलेली उतरंड आहे आणि ती डोळ्यापासून सुरू होते.

ही उतरंड आज कितपत जिवंत आहे, हे तपासायचं तर आधी ती वाचता यायला हवी.

डोळ्यांचे प्रकार बरेच आहेत, पण तीन ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम होतं. अर्जुन, कर्ण, युधिष्ठिर यांचा डोळा साळीच्या दाण्यासारखा बारीक आणि लांबट कोरतात. सात्यकीसारख्या तडफदार वीराचा डोळा सोयाबीनच्या दाण्याएवढा भरीव असतो. भीम, दुःशासन आणि बहुतेक राक्षसांचा पूर्ण गोल. डोळ्यामागून नाक ठरतं: बारीक डोळ्याला टोकदार नाक, गोल डोळ्याला जाड आणि फुगीर. अंगाची ठेवणही त्याच हिशेबाने येते. सौम्य पात्र लहानखुरं, पावलं जवळजवळ. दांडगं पात्र उंच, पावलांत मोठं अंतर. आपल्याला वाटेल की नायक मोठा दिसायला हवा, पण जावाच्या पडद्यावर अर्जुन भीमाच्या छातीपर्यंतही मुश्किलीने पोचतो.

इथवरची विभागणी ढोबळ आहे. खरी नजाकत मानेत आहे. भीम आणि दुःशासन शेजारी धरून पाहा. दोघे धिप्पाड, दोघांचे डोळे गोल, दोघांची पावलं फाकलेली. पण भीमाचं तोंड किंचित खाली झुकलेलं आणि ओठ मिटलेले; दुःशासनाचं तोंड वर उचललेलं, हिरड्या आणि दात उघडे. ताकद दोघांकडे सारखी असली तरी एकाची आवरलेली आहे आणि दुसऱ्याची मोकाट, हे कारागिराने मानेच्या कोनातून आणि ओठांतून सांगितलं. भीमाच्या पुढच्या खुणा मग पाठोपाठ येतात: कमरेला चौकडीचं वस्त्र आणि अंगठ्याचं लांबलचक नख, ज्याला तिथे पंचनाका म्हणतात आणि जे त्याचं शस्त्रच आहे.

याहून अवघड जोडी कर्ण आणि अर्जुनाची. अंगकाठी एक, बारीक डोळा एक, टोकदार नाकही तेच. कर्ण हा कुंतीचा मुलगा आहे, हे बाहुल्या कोरणाऱ्याने कथेआधीच उघड करून टाकलं आहे. फरक दोन ठिकाणी आहे. अर्जुनाची मान खाली, कर्णाची सरळ, समोर रोखलेली. आणि कर्णाला मुकुट व दागिने आहेत, तर अर्जुनाच्या अंगावर काहीच नाही; फक्त मागून पुढे डोक्यावर वळत आलेला केसांचा आकडा. तरुणपणच्या अर्जुनाची बाहुली वेगळी असते आणि तिला कडी, बाजूबंद, गळ्यातलं सगळं असतं. वय आणि जाण वाढते तसे दागिने उतरतात. दागिना म्हणजे थोरवी, ही आपली सवयीची समजूत इथे उलटी होते, आणि मला या कलेतली ही सर्वांत धीट कल्पना वाटते. युद्धातल्या कर्णार्जुन प्रसंगात जवळपास सारख्याच दोन सावल्या समोरासमोर येतात. एक लवलेली आणि उघडी, दुसरी ताठ आणि मढवलेली. शोकांतिका तिथेच मांडून होते.

रंग या उतरंडीत शेवटी येतो, कारण सावलीत तो जवळजवळ दिसतच नाही. काळा चेहरा स्थिर मनाचा, तांबडा रागीट, सोनेरी राजस, हे ठोकताळे खरे आहेत. पण त्यांनी पात्र ठरत नाही, पात्राची मनःस्थिती ठरते. एकाच पात्राच्या अनेक बाहुल्या असतात आणि अशा प्रत्येक रूपाला वांदा म्हणतात. अर्जुनाचे जिमात, किनांती, मांगू असे वांदा आहेत. भीमाच्या एका वांदाचं नाव तर भूकंपावरून पडलं आहे. मान थोडी अधिक झुकते, खांद्याची रेघ बदलते, चेहरा सोनेरीचा काळा होतो. खेळ चालवणारा दलांग रात्र पुढे सरकते तसा एक अर्जुन बाजूला ठेवून दुसरा उचलतो.

आता आजच्या स्थितीकडे. 2003 मध्ये युनेस्कोने वायांगला मानवतेच्या अमूर्त वारशाचा मान दिला. खेळ होतात, कलाशाळांत शिकवलेही जातात. कला मरते आहे अशी हाकाटी करण्याचं कारण नाही. झीज झाली आहे ती ओळखण्याच्या बारकाव्यांची, आणि तिची कारणं रोकडी आहेत. पहिलं कारण म्हणजे आज बहुतेक प्रेक्षक पडद्याच्या सावलीच्या बाजूला न बसता दलांगच्या बाजूला बसतात. त्यांना बाहुली थेट दिसते, सोनं आणि रंग आधी दिसतात. जो घटक उतरंडीत शेवटचा होता तो पहिला झाला. दुसरं, तेलाच्या दिव्याची जागा विजेच्या प्रखर, स्थिर दिव्याने घेतली. ज्योत हलायची तेव्हा छिद्रांतून येणारा उजेडही हलायचा. आता सावली स्पष्ट पडते, पण निश्चल.

तिसरं कारण कारागिरीत आहे. रेड्याचं कातडं तासून त्यावर छिन्नीने हिऱ्यासारखी, केसांच्या बटांसारखी बारीक छिद्रं पाडायची आणि चेहरा, विशेषतः डोळा, हे सर्वांत जोखमीचं काम निष्णात हाताकडे द्यायचं, अशी रीत होती. स्वस्त बाहुलीत डोळा कोरण्याऐवजी रंगवला जातो. सोन्याच्या वर्खाऐवजी पितळी भुकटी लावतात, ती काही वर्षांत काळवंडते. आणि ज्या पेटीत अर्जुन एकच, तिथे वांदाची भाषा आपोआप संपते.

नव्या बाहुल्यांना मात्र मी सरसकट दोष देणार नाही. योग्यकर्त्याच्या सुकास्मान यांनी ‘वायांग उकुर’ या आपल्या प्रयोगात जुन्या आकारांची प्रमाणं ताणली, पण डोळा आणि मान यांचं नातं तोडलं नाही; म्हणून त्यांच्या बाहुल्या अनोळखी वाटत नाहीत. तगलचे दलांग एंतुस सुस्मोनो यांनी आजच्या राजकारण्यांनाही पडद्यावर आणलं. ते लोकांना आवडलं आणि हसूही आलं, मात्र अशी बाहुली कातड्यावर काढलेलं व्यंगचित्र ठरते: मूळ माणूस ठाऊक असेल तरच ती ओळखू येते. सेमार हा गोल पोटाचा, शेंडीचा विदूषक महाभारतात नसतानाही जावाने स्वतः घडवला आणि तो शतकानुशतकं नुसत्या बाह्यरेषेवर ओळखला जातो. नव्या पात्राची कसोटी ती आहे, आणि आजची बहुतेक नवी पात्रं तिला उतरत नाहीत.

योग्यकर्त्याला गेलात तर सोनोबुदोयो संग्रहालयात संध्याकाळी वायांगचा खेळ होतो. निदान अर्धा वेळ सावलीच्या बाजूला बसा. आणि बाहुली विकत घेणार असाल, तर रंग पाहण्याआधी ती उजेडासमोर धरा. डोळ्यातून प्रकाश आला नाही, तर ती भिंतीसाठी केलेली आहे.