रिमझिम कुणाची, झुकझुक कुठली?

अकोला-अमरावतीकडच्या कविसंमेलनात पावसाची कविता सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत ‘रिमझिम’ येते आणि गाडीची कविता असेल तर ‘झुकझुक’. टाळ्याही तिथेच पडतात. ध्वनीतून अर्थ उभा करण्याची मराठीची ताकद मोठी आहे. पण वऱ्हाडातल्या आजच्या कवितेत ती बरीचशी या तयार शब्दांवर भागवली जाते. कवीला जे ओळीत घडवायचं असतं, ते शब्दकोशाने आधीच घडवून ठेवलेलं असतं.

मुळात रिमझिम हा वऱ्हाडातला पाऊस नव्हेच. इथे सात जूनच्या आसपास मिरगाचा पाऊस येतो. तापलेल्या टिनावर मोठे, विरळ थेंब आपटतात आणि अर्ध्या तासात सगळं थांबतं. पुढे श्रावण-भादव्यात झड लागते. तीन-तीन दिवस आभाळ उघडत नाही, भिंतींना ओल येते, पराटीत पाय रुततो. या दोन पावसांचे आवाज एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. मिरगाच्या पावसात ठोके मोजता येतात, झडीत मोजण्यासारखं काही उरतच नाही. एकच नादशब्द दोघांना चालवला की दोन्ही पाऊस हातचे जातात.

फरक दाखवायला काही ओळी इथे मुद्दाम रचून घेतो. आधी नेहमीची तऱ्हा:

रिमझिम रिमझिम आल्या धारा
भिजल्या वाटा, भिजला वारा

आठ-आठ मात्रांच्या आवर्तनात ओळी चोख बसल्या, यमकही जुळलं. पण पहिले दोन शब्द काढून तिथे ‘हसतहसत मग’ घाला. वृत्त तसंच राहतं आणि पाऊस ऐकू येईनासा होतो. म्हणजे पावसाचा नाद त्या एका जोडशब्दातच होता, बाकीची ओळ त्याला हातभार लावत नव्हती. आता मिरगाचा पाऊस:

तापुन तडके टिनावर थेंब
मातित मुरतो मूक गारवा

इथे नादशब्द एकही नाही. पहिल्या ओळीत त, ड, ट, थ ही जीभ अडवून सोडायची व्यंजनं आहेत. दोन दंत्य, दोन मूर्धन्य. त्यामुळे जीभ दातांवरून टाळूकडे आणि परत अशी उड्या मारते. ऱ्हस्व स्वर जास्त असल्याने ठोके जवळजवळ पडतात. दुसऱ्या ओळीत ‘म’ येतो, ओठ मिटतात, हवा नाकातून जाते. ‘मूक’मधल्या दीर्घ ऊकाराने चाल मंदावते आणि ‘गारवा’ दोन आकारांत पसरतो. थेंब पत्र्यावर आपटणं आणि पाणी जमिनीत जिरणं हा फरक अर्थाच्या आधी तोंडाला कळतो. ‘तापून’, ‘मातीत’ यांचे दीर्घ स्वर इथे ऱ्हस्व केले आहेत, तेही मात्रांसाठी. ‘पाऊस’चा ‘पाउस’ करण्याची सूट मराठी कवी पूर्वीपासून घेत आले आहेत.

झडीला याच्या उलट बांधणी लागते:

ओल ओघळे ओसरीवरी

एकच ‘ओ’ तीनदा येतो आणि मध्ये ल, ळ, स, र अशी हवेला पूर्ण न रोखणारी व्यंजनं येतात. अपवाद ‘ओघळे’तल्या ‘घ’चा, आणि तोही घोष असल्याने आवाज तुटू देत नाही. या ओळीत ठोका शोधायला गेलं तर सापडत नाही. वऱ्हाडी बोलीचा खास फायदा नेमका इथे आहे. या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा डोया होतो, आभाळ आभाय होतं. ‘ओघळे’चं ‘ओघये’ झालं की ‘ळ’पाशी होणारा जिभेचा अडथळाही जातो आणि स्वर स्वरात मिसळतो. उलट, नाल्याचं पाणी दगडांवर खळाळतं दाखवायचं असेल तर हाच ‘य’ पाण्याला गुळगुळीत करून टाकतो. बोलीत लिहिणाऱ्या कवीने हा हिशेब केलेला क्वचितच दिसतो. बोली विनोदासाठी किंवा शेतकऱ्याच्या दुःखासाठी वापरली जाते, कानासाठी फारशी नाही.

अपवाद आहे, आणि तो ठळक आहे. विठ्ठल वाघ यांचं काळ्या मातीचं गाणं 1981 च्या ‘अरे संसार संसार’मधून घरोघर पोचलं. त्यात शब्द पाठोपाठ दोनदा येतो आणि त्या पुनरावृत्तीतून तिफणीची चाल तयार होते. तिफणीचा आवाज सांगणारा शब्द शोधण्याची गरज त्यांना पडली नाही.

गाडीचंही तेच. ‘झुकझुक’ हा वाफेच्या इंजिनाचा आवाज. दोन सिलिंडरच्या इंजिनातून चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे चार फुत्कार बाहेर पडतात. गाडी निघताना ते सुटे ऐकू येतात, वेग वाढला की एकमेकांत मिसळतात. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या अडीच फुटी रुळांवरच्या शकुंतलेला 1994 पर्यंत असं इंजिन होतं, त्यानंतर डिझेल आलं आणि आता ती गाडीही बंद आहे. कवितेतली गाडी मात्र अजून कोळशावर चालते.

डब्यात बसलेल्याला ऐकू येत होता तो आवाज वेगळाच, रुळांच्या सांध्यांचा. डब्याच्या प्रत्येक टोकाला चाकांच्या दोन जोड्या असतात. त्या सांध्यावरून लागोपाठ जातात, म्हणून दोन ठोके जवळजवळ आणि मग मोकळी जागा. तेरा मीटरचा रूळ आणि ताशी साठचा वेग धरला तर पाऊण सेकंदाला एक सांधा येतो आणि त्याचे दोन ठोके सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत उरकतात. हा आकृतिबंध ओळीत आणता येतो:

पक्का रस्ता मागे गेला
कच्चा रस्ता आला आला

‘पक्का रस्ता’मध्ये क्क आणि स्त या जोडाक्षरांवर आवाज दोनदा आदळतो. ‘मागे गेला’मध्ये सगळी अक्षरं मोकळी, दीर्घ. दोन धक्के, मग धाव. सोळा मात्रा पूर्वार्धात अडतात आणि उत्तरार्धात सुटतात. ‘धडधड’ लिहिलं असतं तर धक्के सारखे पडले असते आणि मधली मोकळी जागा गेली असती.

या तंत्राला मर्यादाही आहे. त-ट-थची तीच ओळ ‘टिन’ आणि ‘थेंब’ काढले तर पितळी ताटात पडणाऱ्या फुटाण्यांनाही चालेल. ध्वनी स्वतः पाऊस पाडत नाही. अर्थाने सुचवलेल्या पावसाला तो अंग देतो. म्हणून एकाच अक्षराने सुरू होणारे दहा शब्द ओळीने मांडले की अनुप्रास मोजता येतो, पण ऐकू काहीच येत नाही. मंचावर हा दोष झाकला जातो. कवी हाताने ताल धरतो, आवाज चढवतो, शब्द ओढतो आणि जे ओळीत नाही ते सादरीकरणात भरून काढतो. तीच कविता दिवाळी अंकात छापून आली की उघडी पडते. पारख सोपी आहे: नादशब्द झाका, दुसऱ्या कुणाला सपाट आवाजात वाचायला सांगा आणि चाल उरते का ते ऐका.

आता बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाताना रुळांचे सांधे फारसे वाजत नाहीत. रूळ जोडून सलग केले आहेत आणि इंजिन विजेचं आहे. ठोका गेला, उरली ती न तुटणारी घरघर. तिला जोडाक्षरं चालणार नाहीत. तिला घोष व्यंजनं, अनुस्वार आणि लांबवता येणारे स्वर लागतील, म्हणजे झडीच्या ओळीला लागतं तेच सामान. ज्या वऱ्हाडी कवीला ठोक्याशिवाय झड लिहिता येईल, त्यालाच आजची गाडीही लिहिता येईल. तशी ओळ अजून माझ्या कानावर आलेली नाही.